कुठला रिपोर्ट, दादा?

‘ऑगस्टचा रिपोर्ट फायनल आहे, ड्राइव्हवर टाकलाय. तीन पार्ट्यांचा फरक आहे, मालकांना पाठवून त्यांचं पेमेंट थांबवायला सांगा. बाकी ओके. थ्री-बी त्याप्रमाणे.’

एवढीच नोट होती. २०२४ च्या गणपतीत, १६ सप्टेंबरला सोमवारी संध्याकाळी आमच्या ग्रुपवर पडली आणि दादा रात्रीच्या गाडीने गावाला गेले, त्यांच्या घरचा गणपती अनंत चतुर्दशीचा, म्हणजे दुसऱ्याच दिवशी विसर्जन. दादा आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने अकाउंटंट, व्हॅटच्या काळापासूनचे, सगळे त्यांना दादाच म्हणतात, आमची टीम लीडसुद्धा, कारण ती वयाने त्यांच्यापेक्षा बरीच लहान आहे. तिला आम्ही ताई म्हणतो. आमचं काम पुण्यातल्या लहान लहान कारखान्यांची पुस्तकं लिहायचं आणि दर महिन्याचं जीएसटी भरायचं, आणि ही नोट भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याची होती.

मंगळवारी विसर्जनामुळे पुणं बंदच असल्यासारखं. बुधवारी १८ ला सकाळी ताईने फोल्डर उघडला तर आत दोन फाईली. एकीचं नाव `Aug24_GST_Reco_Final.xlsx`, दुसरीचं `Aug24_GST_Reco_Final_new.xlsx`. पहिली शनिवारी १४ ला सेव्ह केलेली, दुसरी सोमवारी १६ ला. थ्री-बी म्हणजे दर महिन्याला कर भरायचं रिटर्न, ते भरायची शेवटची तारीख २०, म्हणजे शुक्रवार.

आता ज्यांना या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कारखानदार माल विकत घेतो तेव्हा बिलावर जीएसटी देतो, आणि स्वतःचा माल विकताना गिऱ्हाइकाकडून जो जीएसटी घेतो त्यातून हा आधी दिलेला वजा करून उरलेला सरकारला भरतो. हे जे वजा करायचं त्याला आम्ही क्रेडिट म्हणतो. पण क्रेडिट नुसतं आपल्याकडे बिल आहे म्हणून मिळत नाही, ज्याने माल विकला त्याने ते बिल स्वतःच्या रिटर्नमध्ये, जीएसटीआर-१ मध्ये, दाखवलेलं असावं लागतं. दाखवलं की ते पोर्टलवर आपल्या नावावर दिसायला लागतं, आणि ते दोन ठिकाणी दिसतं. एक टू-ए आणि एक टू-बी. दादांचा रिपोर्ट म्हणजे पुस्तकातली बिलं यातल्या एकाशी जुळवून काढलेला फरक.

टू-ए सतत हलता असतो. सप्लायरने आज रिटर्न भरलं की आज ते बिल टू-एमध्ये येतं, आणि ते ज्या महिन्याचं रिटर्न आहे त्याच महिन्यात जाऊन बसतं, भरायला कितीही उशीर झालेला असू दे. म्हणजे ऑगस्टचा टू-ए १२ सप्टेंबरला काढला तर एक आकडा येतो, १६ ला काढला तर दुसरा, डिसेंबरमध्ये काढला तर तिसराच. टू-बी मात्र तेव्हा एकदाच बनायचा, पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला, आणि मग ते चित्र तिथेच थांबायचं. महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्या सप्लायरची तारीख असते ११, त्यामुळे ११ सप्टेंबरपर्यंत ज्यांनी भरलं ते ऑगस्टच्या टू-बीमध्ये, आणि १२ नंतर ज्यांनी भरलं ते बिल ऑगस्टचं असलं तरी सप्टेंबरच्या टू-बीमध्ये, जो निघणार १४ ऑक्टोबरला. टू-बी सुरू झाला २०२० च्या ऑगस्टपासून, आणि १ जानेवारी २०२२ पासून नियमच असा झाला की टू-बीमध्ये असेल तेवढंच क्रेडिट घ्यायचं.

मग टू-ए आता काढायचाच कशाला असं कुणीही विचारेल, पण दादा काढतात आणि त्याला चांगलं कारण आहे. टू-बी सांगतो आज किती क्रेडिट घेता येईल. पण एखादा सप्लायर टू-बीमध्ये नाही म्हणजे त्याने भरलंच नाही की चार दिवस उशिरा भरलं, हे टू-बी सांगत नाही, ते बघायला टू-एच उघडावा लागतो. मालकाला सप्लायरच्या मागे लागायचं असतं तेव्हा त्याच्या कामाचा टू-ए असतो. म्हणजे दोन्ही फाईली खऱ्या होत्या, दोन्ही बरोबर होत्या, दोन्ही ऑगस्टच्याच होत्या, आणि दोन्हींच्या नावात फायनल होतं.

ताईने दोन्ही फाईली माझ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावायला सांगितल्या कारण त्या क्लायंटचा थ्री-बी मी भरणार होते. कुठली कशावरून केलीय ते दादांनी वर कुठेच लिहिलं नव्हतं, पण ते ओळखायला एक सोपी खूण आहे, पोर्टलवरून उतरवलेल्या डेटात प्रत्येक बिलासमोर सप्लायरने रिटर्न कधी भरलं ती तारीख असते. त्या कॉलमला सॉर्ट लावला. पहिल्या फाईलमध्ये सगळ्यात शेवटची तारीख ११ सप्टेंबर, आणि तिमाही रिटर्नवाल्या एका सप्लायरची १३, कारण त्यांना बिलं टाकायला १३ पर्यंत मुभा असते. म्हणजे हा टू-बी. दुसऱ्या फाईलमध्ये खाली १५ सप्टेंबरच्या तारखा निघाल्या. ऑगस्टच्या टू-बीमध्ये १५ सप्टेंबर येऊच शकत नाही, म्हणजे हा टू-ए.

इथपर्यंत ठीक. मग फरक बघायला गेलो तर मजकुरातली एकमेव खूण होती ‘तीन पार्ट्या’, आणि दोन्ही फाईलींत तीनच पार्ट्या निघाल्या!

पुस्तकात ऑगस्टचं क्रेडिट होतं ५,१२,४०० रुपये. टू-बीच्या फाईलमध्ये त्यातल्या तीन पार्ट्यांची बिलं नव्हती, स्टीलच्या पत्र्याचा सप्लायर ३२,४००, मशीन रिपेअरवाला ५,४००, आणि हार्डवेअरच्या दुकानाचे ७,२००. एकूण ४५,००० कमी, राहिले ४,६७,४००. टू-एच्या फाईलमध्ये स्टीलवाला आणि रिपेअरवाला दोघेही व्यवस्थित जुळलेले होते कारण त्यांनी १५ ला भरून टाकलं होतं. पण तिथे दुसरेच दोघे वर आले. एक बेअरिंगवाला, ९,००० चा. त्याचं बिल जुलैअखेरचं, आमच्याकडे पोचलं आणि पुस्तकात आलं ऑगस्टमध्ये, आणि त्याने त्याचं जुलैचं रिटर्न ११ ऑगस्टच्या नंतर भरलेलं, त्यामुळे टू-बीच्या हिशोबाने ते ऑगस्टमध्ये येऊन पुस्तकाशी जुळत होतं पण टू-एमध्ये ते जुलैतच बसलेलं असल्याने ऑगस्टला गायब दिसत होतं. दुसरा वेल्डिंग रॉडवाला, ३,६०० चा, त्याचं उलट, पोर्टलवर बिल आहे आणि पुस्तकात नाही, कारण बिल ३१ ऑगस्टचं आणि माल गेटवर आला सप्टेंबरात. आणि तिसरा हार्डवेअरवाला, तो दोन्हीकडे होता, कारण त्याने रिटर्न भरलेलंच नव्हतं.

म्हणजे दोन्ही याद्यांत मिळून पाच पार्ट्या, आणि दोन्हीकडे असलेला एकच.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की विचारायचंय काय त्यात, थ्री-बी टू-बीवरूनच भरतात हे शेंबड्या पोरालाही माहितीय, नोटमध्ये ‘थ्री-बी त्याप्रमाणे’ असं लिहिलंय म्हणजे रिपोर्ट टू-बीचाच, पाठवून द्या मालकांना आणि मोकळे व्हा. हा तर्क चुकीचा नव्हता. दुसरीचं म्हणणं की नोट सोमवारी पडली, सोमवारी सेव्ह केलेली फाईल `new` आहे, शिवाय पेमेंट थांबवायचं दादा नेहमी टू-ए बघून ठरवतात, म्हणजे दुसरी फाईल. हाही तर्क चुकीचा नव्हता. दोघंही आपापल्या ठिकाणी पक्के होते, आणि मला वाटतं मोघम नोटचा खरा धोका इथे असतो, ती वाचून माणूस गोंधळत नाही, उलट प्रत्येकाला तिचा एकेक स्पष्ट अर्थ लागतो आणि प्रत्येकाला वाटतं यात विचारण्यासारखं काही नाहीच.

ताईने दोघांचं ऐकून घेतलं आणि एक गोष्ट वेगळी काढली. ती म्हणाली नोटमध्ये कामं दोन आहेत, एक थ्री-बी भरायचं आणि एक पेमेंट थांबवायला सांगायचं, आणि रिपोर्ट मात्र दोन्हीला मिळून एकच म्हटलाय. थ्री-बीचं मला दादांना विचारायची गरज नाही, ते कायद्यानेच ठरलेलं आहे. पेमेंटचं कायद्याने ठरत नाही, ते दादांच्या डोक्यात आहे.

आणि पेमेंट थांबवणं ही काय चीज आहे ते आम्ही सगळे जाणून होतो. भोसरीतला हा कारखाना काही मोठा नाही, पंचवीस-तीस माणसं. मालक स्वतः शॉपफ्लोअरवर उभे असतात, अकाउंटचं त्यांना आम्ही जे सांगू ते. आमच्याकडून फोन गेला की अमक्याचं थांबवा, तर ते त्या क्षणी थांबवतात, उलट प्रश्न करत नाहीत. स्टीलवाल्याचं थांबवलं तर तो पुढची गाडी पाठवत नाही, पत्रा नाही आला तर लेझर कटिंग बंद, आणि मग महिन्याची डिस्पॅच कोलमडते. रिपेअरवाला तर एकटा माणूस, स्कूटरवर टूलबॉक्स घेऊन येणारा, त्याच्या एका बिलावर त्याचं घर चालतं. बेअरिंगवाल्याने तर काहीच चूक केलेली नव्हती जी आज पेमेंट अडवण्यासारखी आहे, उशीर झाला होता तो जुलैच्या रिटर्नला आणि तेही आता टू-बीमध्ये येऊन बसलेलं. चुकीच्या यादीवरून फोन गेला असता तर या माणसांना त्याचा चटका बसला असता, आणि आपलं पेमेंट का अडलं हे त्यांना कुणी सांगितलंही नसतं.

उलट बाजूही आहे, चुकीच्या फाईलवरून थ्री-बी भरला असता तर? टू-एची फाईल धरून पुस्तकाशी जुळलेलं क्रेडिट घेतलं असतं तर ते झालं असतं ४,९६,२००, म्हणजे टू-बीपेक्षा २८,८०० जास्त. जास्त घेतलेलं क्रेडिट वापरलं गेलं की त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. आणि टू-बी आणि थ्री-बीमधला फरक ठराविक मर्यादेपलीकडे गेला तर पोर्टलवरून डीआरसी-०१सी नावाची सूचना येते, तिला सात दिवसांत उत्तर द्यायचं किंवा पैसे भरायचे. हे टाळणं आमच्या हातात होतं आणि त्याला दादांची गरज नव्हती म्हणून ताईने ते प्रश्नातून बाहेरच काढलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. विचारायच्या आधी जे स्वतःला ठरवता येतं ते ठरवून टाकायचं, म्हणजे समोरच्यापर्यंत फक्त तेवढाच प्रश्न जातो जो खरंच त्याचा आहे.

अडचण होती रेंजची. दादांचं गाव राजापूरच्या आतल्या बाजूला, घरात नेटवर्क नाही, चढावर रस्त्याला लागलं की येतं. फोन लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. म्हणजे मेसेज टाकायचा आणि दादा कधीतरी चढावर येतील तेव्हा तो एकदाच वाचला जाणार, एकदाच उत्तर येणार, त्यावर परत प्रश्न परत उत्तर असं होणार नाही. शिवाय त्यांच्यासमोर फाईली नसणार, लॅपटॉप पुण्यात. गणपती पोचवून दमलेला माणूस, हातात फक्त फोन.

ताईने मेसेज लिहायला बराच वेळ घेतला. दोनदा खोडला. शेवटी जो गेला तो असा:

‘दादा नमस्कार, विसर्जन नीट झालं असेल. एकच विचारायचं होतं, आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवलंत तर बरं होईल.

भोसरीच्या नोटमधला ऑगस्टचा रिपोर्ट म्हणजे यातला कुठला?

१) `Aug24_GST_Reco_Final.xlsx` शनिवार १४ ची, टू-बीवरून. फरक: स्टील ३२,४००, रिपेअर ५,४००, हार्डवेअर ७,२००.

२) `Aug24_GST_Reco_Final_new.xlsx` सोमवार १६ ची, टू-एवरून. फरक: हार्डवेअर ७,२००, बेअरिंग ९,०००, वेल्डिंग रॉड ३,६०० (हे पुस्तकात नाही).

थ्री-बी टू-बीवरूनच भरतोय, क्रेडिट ४,६७,४००, त्याची काळजी नको. प्रश्न फक्त पेमेंट कुणाचं थांबवायला सांगायचं एवढाच. हार्डवेअर दोन्हीत आहे म्हणून त्याचं आज मालकांना सांगते. बाकी कुणाचंही तुमचं उत्तर आल्याशिवाय सांगणार नाही. नुसतं १ किंवा २ लिहिलंत तरी चालेल.’

मी हा मेसेज नंतर किती वेळा वाचलाय, आणि दर वेळी मला त्यातली मेहनत जास्त दिसते. पहिली गोष्ट म्हणजे तिने ‘कुठला रिपोर्ट?’ एवढंच विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर दादांचं उत्तर काय आलं असतं हे मी आजही पैजेवर सांगते, ‘अहो तोच, फायनलवाला.’ कारण त्यांच्या मनात एकच रिपोर्ट होता, दुसरी फाईल लोकांना दिसतेय आणि तिच्याही नावात फायनल आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. ज्याने नोट लिहिली त्याला स्वतःची नोट मोघम वाटतच नाही कधी. म्हणून दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर मांडाव्या लागतात, नाव, तारीख आणि आतला मजकूर, म्हणजे त्यालाही दिसतं की इथे खरंच दोन आहेत.

आणि नुसती फाईलची नावं देऊनही भागलं नसतं. `Final` आणि `Final_new`, गावाला बसलेल्या माणसाला कुठून आठवणार कुठली कशाची. ‘टू-ए की टू-बी’ एवढंच विचारलं असतं तरी दादांनी थ्री-बीचा विचार करून टू-बी लिहून टाकलं असतं, जसं आमच्यातला एक म्हणत होता तसं. पार्ट्यांची नावं आणि आकडे घातल्यामुळे त्यांना फाईल आठवायची गरजच उरली नाही, माणसं आठवायची होती, आणि माणसं दादांना पाठ असतात. स्टीलवाला म्हटलं की त्याचा मुलगा काय करतो इथपासून त्यांना माहिती.

दुसरं, उत्तर आलं नाही तर काय होईल ते तिने आधीच सांगून ठेवलं. हार्डवेअरचं सांगते, बाकी थांबते. हे तिने असंच नाही ठरवलं, त्यामागे हिशोब होता. पेमेंट दोन दिवस उशिरा थांबवलं तर बिघडत काही नाही, मालक महिन्याचे चेक साधारण २५ च्या पुढे काढतात. पण चुकून थांबवलं तर ते शब्द परत घेता येत नाहीत, एकदा सप्लायरला कळलं की आपलं अडवलंय तर नंतर दिलं तरी त्याच्या मनात राहतंच. म्हणून शंका असेल तिथे न थांबवणं हे कमी नुकसानीचं. ६ ची वेळही उगाच नव्हती, त्या वेळेनंतर मालक घरी जायला निघतात आणि गाडीत फोन घेतात.

तिसरं जे आहे ते कदाचित फक्त मराठी ऑफिसात काम केलेल्यालाच चटकन कळेल. मेसेजमध्ये कुठेही ‘तुमच्या नोटवरून कळत नाहीये’ असं नाही. दादा वयाने मोठे, अनुभवाने मोठे, ताई पदाने मोठी, हे नातं नाजूक असतं, आणि ग्रुपवर असलं वाक्य पडलं की पुढचे दोन महिने चहाच्या वेळी खुर्च्या लांब होतात. तिने हा मेसेज ग्रुपवर टाकलाच नाही, दादांना एकट्यांना पाठवला, आणि पाठवायच्या आधी मला दाखवला कारण आकडे मी काढले होते, ते एकदा पडताळून घे म्हणाली. दादांना अवघडल्यासारखं वाटेल असा एक शब्द त्यात नव्हता आणि तरी एकही गोष्ट झाकलेली नव्हती. हे दोन्ही एकत्र जमणं सोपं नाही, मी भल्याभल्यांना पाहिलंय, एकतर इतकं गोड लिहितात की प्रश्नच सापडत नाही नाहीतर इतकं कोरडं की उत्तर द्यायची इच्छा मरते.

तिने दुपारी मालकांना फोन करून हार्डवेअरवाल्याचं सांगितलं, मी थ्री-बीचा ड्राफ्ट टू-बीवरून लावून ठेवला. उत्तर आलं साडेचारच्या सुमारास. आम्हाला १ किंवा २ अपेक्षित होतं. आलं ते हे:

‘ताई, १. पण ती नोट मी शनिवारी लिहून ठेवलेली, सोमवारी निघायच्या घाईत तशीच टाकली. आता फक्त हार्डवेअरचं थांबवा. स्टील आणि रिपेअर दोघांना मी शनिवारीच फोन केला होता, दोघांनी रविवारी भरलं, २ नंबरची फाईल तेच बघायला काढली. स्टीलचं अजिबात थांबवू नका, मालकांची गाडी यायची आहे या आठवड्यात. बेअरिंग आणि रॉडमध्ये काही नाही. प्रसाद घेऊन येतो.’

हे वाचून आम्ही तिघं गप्प झालो. कारण उत्तर १ होतं, म्हणजे आमच्यातल्या ज्याने टू-बीचाच रिपोर्ट म्हटलं होतं तो बरोबर होता, रिपोर्ट त्याने अचूक ओळखला होता. आणि तरीही त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागलो असतो तर स्टीलवाला आणि रिपेअरवाला दोघांचं पेमेंट थांबलं असतं, तेही त्यांनी रिटर्न भरल्यावर. नोटमधल्या तीन पार्ट्या शनिवारच्या होत्या आणि आम्ही ती वाचत होतो बुधवारी. मधल्या रविवारी दोन माणसांनी आपापलं काम करून टाकलं होतं. कुठला रिपोर्ट याचं बरोबर उत्तर मिळूनही काम चुकलंच असतं, आणि हे कुठल्याच फाईलमध्ये डोकं घालून सापडलं नसतं, कारण नोट कधी लिहिली ते फक्त दादांना माहीत होतं.

आता दादांनी नुसतं १ का नाही लिहिलं, सोय तर करून दिली होती तशी. मला वाटतं त्यांनी पहिल्या यादीत स्टील आणि रिपेअर वाचलं, दुसऱ्या यादीत ते दोघं नाहीत हे पाहिलं, आणि खाली ‘पेमेंट थांबवायला सांगायचं’ हे वाचलं, आणि तिथे त्यांना स्वतःलाच टोचलं की अरे यांचं तर मिटलंय. ताईने कुठेही विचारलं नव्हतं की ही यादी अजून लागू आहे का, ते तिलाही सुचलेलं नव्हतं, तसं ती नंतर म्हणालीच. पण उत्तराचं पुढे काय करणार हे तिने लिहिलं होतं म्हणून दादांना पुढचं दिसलं. प्रश्न कशासाठी विचारतोय ते सांगितलं की समोरचा माणूस प्रश्नापलीकडचंही सांगतो, नाहीतर तो विचारलं तेवढ्याचं उत्तर देऊन चढ उतरून घरी जातो.

हे लिहायचं कारण असं की अशा मेसेजची आमच्या क्षेत्रात कुणी दखल घेत नाही. रिटर्न वेळेत भरलं की त्याचं कौतुक होतं, नोटीस आली की तिची चर्चा होते, पण जी चूक झालीच नाही तिचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिणार. आणि हे प्रसंग काही विरळा नाहीत. उलट ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस आलं, आता प्रत्येक बिल स्वीकारायचं, नाकारायचं की पुढे ढकलायचं ते आपण ठरवू शकतो आणि तसा टू-बी परत काढता येतो. पूर्वी निदान टू-बी म्हटलं की एकच होता, आता त्याच महिन्याचा १४ चा टू-बी वेगळा आणि १८ ला परत काढलेला वेगळा असू शकतो, आणि फोल्डरमध्ये दोघांची नावं काय असणार हे सांगायला नकोच. त्यामुळे ‘टू-बीची फाईल’ एवढं लिहिणंही आता पुरत नाही, कुठल्या तारखेला काढलेली ते लागतं.

थ्री-बी १९ ला गेला, क्रेडिट ४,६७,४००. स्टीलची गाडी वेळेत आली असावी, निदान मालकांचा फोन आला नाही. १४ ऑक्टोबरला सप्टेंबरचा टू-बी निघाला तेव्हा त्यात स्टीलचे ३२,४०० आणि रिपेअरचे ५,४०० आलेले होते, ते त्या महिन्यात घेतले, रॉडवाल्याचे ३,६०० पण तिथेच आले, तोवर माल पुस्तकात चढला होता. हार्डवेअरवाल्याचे ७,२०० नव्हते. दादांनी त्याच्या दुकानात जाऊन चौकशी केली तर त्याचा अकाउंटंट काम सोडून गेलेला आणि नव्याला पासवर्ड माहीत नव्हता, दादा तिथे बसून त्याला नवीन पासवर्ड काढून देऊन आले.